‘नॉन-हॉजकिन’ म्हणजे ‘नाही’ का?

अमळनेरकर : माझ्या काकांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. वर लिहिलं होतं ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’, म्हणजे लसिकापेशींचा एक कॅन्सर. काकू म्हणाल्या, "नॉन लिहिलंय ना, म्हणजे तो आजार नाही." घरात पेढे वाटले आणि रिपोर्ट तीन आठवडे फ्रिजवर पडून राहिला. या ‘नॉन’ला मराठीत काय म्हणावं, की पुन्हा कोणाच्या घरी असं होणार नाही?

शिरपूरकर : ‘हॉजकिनेतर लसिकार्बुद’. ‘इतर’ म्हटलं की ‘नाही’चा घोळ मिटतो.

भुसावळचा रेल्वेवाला : तुमच्या काकूंना ‘लसिकार्बुद’ कळलं तर मी नोकरी सोडतो. सोपं सांगा : हॉजकिन बरा होतो, नॉन-हॉजकिन बरा होत नाही.

धुळ्याची ताई : भाऊ, अर्धं बरोबर. हॉजकिन बहुतेकांचा बरा होतो हे खरं, पण नॉन-हॉजकिनमध्ये पन्नासाहून जास्त प्रकार कोंबलेले आहेत. काही झपाट्याने वाढतात आणि औषधाने पूर्ण बरेही होतात, काही वर्षानुवर्षं मंद चालतात. मूळ नाव लंडनच्या थॉमस हॉजकिनचं. त्याने १८३२ मध्ये वाढलेल्या गाठींचे काही रुग्ण लिहून ठेवले आणि १८६५ मध्ये विल्क्स नावाच्या डॉक्टरने त्या आजाराला त्याचं नाव दिलं. त्या नावात न बसणारे लिम्फोमा पुढे ‘नॉन’च्या डब्यात गेले. म्हणजे हा शब्द काय नाही एवढंच सांगतो.

मी तीस वर्षं लॅबमध्ये स्लाइडी रंगवल्या. हॉजकिनची गाठ मायक्रोस्कोपखाली बघितली की कपाशीच्या शेतात मधूनच एखादा एरंड उभा असावा तसं दिसतं. एरंड म्हणजे ती मोठी पेशी, जिच्यात बहुधा दोन केंद्रकं असतात आणि प्रत्येकात ठसठशीत ठिपका. घुबड रोखून बघतंय असं वाटतं. शंभरात अशी एखाद-दुसरीच सापडते, बाकीची गर्दी साध्या पेशींची. नॉन-हॉजकिनमध्ये बहुधा अख्खं शेतच एका पिकाचं होतं : कुठे सपाट पेरल्यासारखं, कुठे वाफे पाडल्यासारखं.

नवापूरचा : ताई, मना बी असंच व्हयनं. मानेत गाठ आली, आई म्हणाली अवधाण असेल, उतरेल. उतरली नाही. सुईने तपासलं, टीबी म्हणाले, सहा महिने गोळ्या खाल्ल्या. नंतर अख्खी गाठ काढली तेव्हा हॉजकिन निघाला. म्हणजे टीबीचा हॉजकिन झाला का?

धुळ्याची ताई : टीबीचा हॉजकिन होत नाही. सुईत आली ती कपाशी, एरंड राहिला बाहेर. शिवाय हॉजकिनच्या भोवती टीबीसारखी दिसणारी दाहाची पुंजकीही कधी असतात. गोळ्या सुरू असताना टीबीची गाठसुद्धा थोडे दिवस फुगू शकते, म्हणून डॉक्टरही वाट बघतात आणि वेळ जातो. टीबीचे जंतू सापडले नसतील आणि गाठ उतरत नसेल, तर अख्खी गाठ काढून तपासायला सांगायचं.

भुसावळचा रेल्वेवाला : मग पसरण्याचं माझ्या भाषेत सांगतो. हॉजकिन म्हणजे पॅसेंजर : भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, एकही स्टेशन सोडत नाही. नॉन-हॉजकिन कुठेही उतरतो.

धुळ्याची ताई : हे मात्र झकास. हॉजकिन बहुधा मानेतून छातीत, मग प्लीहेत, असा शेजार धरून जातो. पुढचं स्टेशन ओळखता येतं, म्हणूनच लवकर सापडला तर थोडी केमो आणि तेवढ्याच भागाला किरणांचा शेक जमतो. नॉन-हॉजकिन मानेत दिसतो तेव्हा पोटात, आतड्यात, हाडाच्या मगजातही असू शकतो, म्हणून बहुतेकदा सगळ्या अंगाला पोचणारं औषध लागतं. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत पेशीवर सीडी २० नावाची खूण असते आणि रिटुक्सिमॅब हे औषध तीच धरतं. नेहमीच्या हॉजकिनच्या मोठ्या पेशीवर ही खूण सहसा नसते. मंद प्रकारात तर त्रास नसेल तोवर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. अमळनेरकर, रिपोर्टात खाली काय आहे?

अमळनेरकर : ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’, सीडी २० पॉझिटिव्ह.

धुळ्याची ताई : मग नुसतं लक्ष ठेवण्यातला नाही, सपाट पेरलेला आणि वेगाचा आहे. तीन आठवडे गेलेत, आता थांबू नका. बहुधा दर २१ दिवसांनी सलाईन लागेल.

शिरपूरकर : पण शब्दाचं काय ठरलं? ‘हॉजकिनेतर’ घ्यायचा का?

रेल्वेवाला : फॉर्मवर घ्या. घरात ‘दुसऱ्या जातीची गाठ’ म्हणा.

शिरपूरकर : ‘जात’ शब्द मला खटकतो. ‘प्रकार’ म्हणा.

अमळनेरकर : काकूंना ‘दुसऱ्या जातीची’ सांगून बघितलं. त्यांनी लगेच विचारलं, "कोणत्या जातीची?"

धुळ्याची ताई : डॉक्टरांनाही पहिला प्रश्न तोच विचारायला सांगा.