मदत हवी आहे: "हे नाणे खरेच जुने आहे का?" – सातवी-आठवीच्या मुलांसमोर बोलायचे आहे

गोदाकाठ

नमस्कार. आमच्या गावातील शाळेने मला सातवी-आठवीच्या मुलांसमोर "जुनी वस्तू खरी की बनावट, हे कसे ओळखावे" या विषयावर बोलायला बोलावले आहे. वेळ एका तासिकेचा आहे. मूर्ती, भांडी, दस्तऐवज या साऱ्यांना हात घातला तर काहीच नीट सांगून होणार नाही, म्हणून मी फक्त नाण्यांवर बोलायचे ठरवले आहे. नाणी जमवण्याचा मला जुना छंद असला, तरी मुलांसमोर बोलण्याचा अनुभव नाही.

माझी अडचण अशी की, मुलांना घरातील जुनी नाणी घेऊन यायला सांगितले आहे आणि त्यांतील निदान चार-पाच जण देवघरातील ते राम-सीता-लक्ष्मण-हनुमान असलेले, मागे "ईस्ट इंडिया कंपनी" आणि 1818 छापलेले तांब्याचे नाणे आणतील, अशी माझी खात्री आहे. ते कंपनीचे नाणे नाही हे मला ठाऊक आहे. परंतु "मला ठाऊक आहे" एवढ्यावर मुलांनी विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही. त्यांनी स्वतः तपासून त्याच निष्कर्षावर यावे यासाठी वर्गात करता येईल असे काय आहे? भिंग, चुंबक आणि सराफाकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्याकडे आहे.

पाटीपेन्सिल

चुंबक सर्वांत सोपा आहे. नाणे चुंबकाला चिकटले तर बनावट, नाही चिकटले तर खरे. शिवाय तांब्याच्या नाण्यावर हिरवट थर असेल तर ते नक्कीच जुने असते, कारण असा थर बसायला शंभर-शंभर वर्षे लागतात. मुलांना एवढे दोन नियम पुरतील, अधिक सांगितले तर गोंधळ होईल.

तराजू

पाटीपेन्सिल, चुंबकाचा नियम अर्धाच खरा आहे. कंपनीच्या काळातील रुपया किंवा पाव आणा चुंबकाला चिकटला तर आत लोखंड आहे आणि ते नाणे बनावट, इथपर्यंत बरोबर. मात्र तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर आणि चांदी यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे "चिकटले नाही" यातून काहीही सिद्ध होत नाही. हिरव्या थराचे म्हणाल तर व्हिनेगर आणि मीठ लावून ठेवलेल्या तांब्यावर तो काही दिवसांत येतो, आणि जुन्या बाजारात विकायला येणारी कित्येक नाणी अशीच "जुनी" झालेली असतात.

गोदाकाठ, रामदरबाराच्या नाण्यासाठी काट्याच्या आधी इतिहासाचा तास घ्या, असे मी सुचवीन. ही नाणी 1818 सोबत 1616, 1717 आणि 1839 अशा सनांचीही मिळतात आणि बहुतेकांवर "यूकेएल वन आना" किंवा "हाफ आना" असे लिहिलेले असते. 1616 मध्ये कंपनी सुरतेच्या वखारीत मोगलांच्या परवानगीने व्यापार करीत होती. मुंबई बेट तिच्या हाती आले ते 1668 मध्ये. वखारीतला व्यापारी स्वतःच्या नावाने, तेही इंग्रजीत, आणे पाडेल का, हे मुलांनाच विचारा. पुढे त्या "यूके" कडे या: युनायटेड किंग्डम हे राज्याचे अधिकृत नाव झाले 1801 मध्ये, म्हणजे 1616 आणि 1717 दोन्ही तिथेच बाद होतात.

1818 उरतो. त्यासाठी "वन आना" हे शब्द पाहा. कंपनीने 1835 मध्ये सर्व इलाख्यांसाठी एकसारखी नाणी सुरू केली, त्यांत तांब्याचा पाव आणा आणि अर्धा आणा होता, एक आणा नव्हता. एक आण्याचे नाणे आले ते 1907 मध्ये, कातरलेल्या कडेचे आणि तांबे-निकेलचे. त्यामागे साधे कारण आहे. पाव आण्याचे वजन 100 ग्रेन, म्हणजे जवळजवळ साडेसहा ग्रॅम होते. त्याच हिशेबाने तांब्याचा एक आणा 26 ग्रॅमच्या आसपास जातो, आणि एवढा जाड गोळा खिशात बाळगायला कोणाला आवडले असते? मुलांनी आणलेला "वन आना" काट्यावर ठेवा. तो बहुधा याच्या निम्माही भरणार नाही. हा हिशेब फळ्यावर करून दाखवला की पुढचे मुलेच बोलतील.

आजोळ

माझ्याकडे अगदी हेच 1818 चे नाणे आहे. माझ्या आजीने ते पूजेत ठेवले होते आणि त्यात तांदूळ ओढून घेण्याची शक्ती असल्याचे आमच्याकडे सांगतात. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी फोनवर त्याला दीड कोटी देऊ केले, फक्त "तपासणी शुल्क" आधी भरायचे आहे. वरचे वाचून मन खट्टू झाले. परंतु ते एखादे दुर्मीळ नाणे असण्याची शक्यता अगदीच नाही का? आणि ते कोठे विकता येईल?

तराजू

आजोळताई, शुल्क कृपया भरू नका. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या किंवा भांड्याच्या नावाने होणारी फसवणूक पोलिसांना चांगली परिचित आहे. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या बहाण्याने बँकेचे नाव वापरून शुल्क मागितले जाते, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. नाण्याचे म्हणाल तर कंपनीचे नाणे म्हणून त्याला किंमत नाही. आजीने पूजलेली वस्तू म्हणून ती जपायची की नाही हा तुमचा प्रश्न आहे, त्यात मी काय बोलणार!

जुनाबाजार

तराजूंच्या म्हणण्यात एक भर घालतो. रामदरबाराच्या सगळ्याच टांका अलीकडच्या नाहीत. यात्रेकरूंसाठी आणि देवघरासाठी रामटंका पाडण्याची पद्धत जुनी आहे आणि काही खरोखर शतकभर जुन्या असतात. फक्त त्या चलनी नाणी नव्हेत. त्यामुळे मुलांपुढे "बनावट" असा सरसकट शब्द वापरू नये. कंपनीचे नाव आणि सन टाकलेल्या टांका मात्र खरेदीदाराला भुलवण्यासाठीच केलेल्या दिसतात. या प्रकारातील सर्वांत जुनी कधीची, यावर मी जाणकारांमध्ये एकमत पाहिलेले नाही.

गोदाकाठ

आण्याच्या वजनाचा हिशेब माझ्या डोक्यातही आला नव्हता, मनापासून आभार. पण काही मुले चांदीचे रुपये आणतील, व्हिक्टोरिया राणीचे किंवा पंचम जॉर्जचे. तिथे इतिहासाचा दाखला चालणार नाही, कारण असे रुपये खरोखर होते. त्यांचे काय करावे?

तराजू

तिथे पाणी वापरा. आर्किमिडीजची गोष्ट मुलांनी ऐकलेली असतेच. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या रुपयाचे ठरलेले वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि चांदी बारात अकरा भाग, बाकी तांबे. या मिश्रणाची घनता 10.3 च्या आसपास येते.

आधी कोरडे नाणे तोला. मग काट्यावर पाण्याचा अर्धा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाण्याला बारीक शिवणाचा दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असे धरा आणि काट्यावरचा आकडा वाचा. तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. माझ्याकडील 1862 चा एक झिजलेला रुपया 11.42 भरतो आणि पाण्यात 1.11 दाखवतो, भागाकार 10.29. त्याच्याच शेजारी ठेवलेली, बाजारातून मुद्दाम घेतलेली जर्मन सिल्व्हरची नक्कल 10.40 भरते आणि 1.20 दाखवते, म्हणजे 8.67. झिजेने वजन घटते, घनता घटत नाही, आणि मुलांना नेमकी हीच गंमत आवडते.

काटा शंभराव्या भागापर्यंत वाचणारा हवा. दशांशाचा एकच अंक दाखवणाऱ्या काट्यावर हा प्रयोग फसेल. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि खरे नाणे खोटे ठरते, म्हणून ते आधी ओल्या बोटांनी चोळून घ्या. गळ्यातल्या माळेतील, कडी डाकलेले नाणे या प्रयोगासाठी घेऊच नका, कारण डाकाची धातू वेगळी असते.

पाटीपेन्सिल

म्हणजे घनता 10.3 आली की नाणे अस्सल, असे मुलांना सांगता येईल ना? आणि त्यावरच्या सनावरून वय.

जुनाबाजार

दोन्ही नाही. धनत्रयोदशीला सराफ राणीचे किंवा जॉर्जचे चित्र असलेली चांदीची नाणी विकतात. त्यांतील शुद्ध चांदीची घनता 10.5 च्या जवळ असते, आणि 10.3 व 10.5 मधला फरक अशा काट्यावर खात्रीने पकडता येत नाही, कारण दोन शतांश ग्रॅमच्या चुकीने उत्तर 0.2 ने हलते. हा प्रयोग हलकी धातू उघडी पाडतो. चांदीत केलेली नक्कल त्यातून सुटते.

तिथे भिंग लागते. टाकसाळीत नाणे साच्याखाली दाबून पाडलेले असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार, मधली मोकळी जागा सपाट आणि काठावरच्या रेघा एकसारख्या असतात. ओतीव नकलेत अक्षरांचे पाय गोल होतात, मोकळ्या जागेत सुईने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात आणि काठावर कुठेतरी जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण सापडते. मात्र नक्कलही साच्याने पाडलेली असेल तर वर्गात बसून निकाल देता येत नाही, आणि तसे स्पष्ट सांगावे.

सनाचे म्हणाल तर 1840 लिहिलेला रुपया पुढे वीसएक वर्षे त्याच सनाने पाडला जात होता आणि 1862 चाही 1874 पर्यंत. खरे नाणेसुद्धा आपले वय नेमके सांगत नाही.

गोदाकाठ

1862 चे हे मला ठाऊक होते, पण मुलांना सांगायचे सुचले नव्हते. क्रम असा ठरवतो: आधी "वन आना" चे वजन आणि त्यावरचे "यूके", मग पाण्याचा प्रयोग एक खरा रुपया आणि एक नक्कल घेऊन, आणि शेवटी भिंग. मुलांनी नाणी आणण्यापूर्वी चिंच, राख लावून चकचकीत करू नयेत, असा निरोप आजच शिक्षकांना पाठवतो, नाहीतर काठाच्या रेघा घासून आणतील.

एक प्रश्न मात्र उरतोच. एखाद्या मुलाने घरच्यांनी कौतुकाने दिलेले रामदरबाराचे नाणे आणले, तर सर्वांसमोर ते काट्यावर ठेवावे की माझ्याकडचे वापरावे?

आजोळ

माझे नाणे मी तुम्हाला पाठवते, वर्गात तेच वापरा. मुलांनी आणलेली नाणी तपासायची की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.

जुनाबाजार

मला ते पटत नाही. आपल्याच नाण्यावर प्रयोग झाला तर मूल ते विसरत नाही. आधी त्याला बाजूला घेऊन विचारा, एवढे पुरे.