शब्दचर्चा : पूर्वांग खोटे, तरीही ‘जर–तर’ विधान खरे कसे?

विद्यार्थिनी, दादर : ‘जर प, तर फ’ या विधानाच्या सत्यतासारणीतील, म्हणजे प आणि फ खरे-खोटे असण्याच्या चार शक्यतांच्या तक्त्यातील, पहिल्या दोन ओळी मला पटतात, कारण प खरे असून फ खोटे निघाले तर विधान फसले हे उघड आहे. मात्र प खोटे असलेल्या दोन्ही ओळींपुढे ‘खरे’ असे का लिहितात?

वाचक, ठाणे : खोट्यावरून काहीही निघते, म्हणून. ‘ठाणे गोव्यात असेल, तर दोन आणि दोन पाच होतात’ हे खरे विधान आहे, म्हणजे दोन आणि दोन पाच हेही सिद्ध झाले.

निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले : ते सिद्ध झाले नाही. संपूर्ण विधान खरे असले तरी उत्तरांग, म्हणजे ‘तर’नंतरचा भाग, पदरात पडण्यासाठी पूर्वांग, म्हणजे ‘जर’चा भागही खरा असावा लागतो, आणि ठाणे अजून जागचे हललेले नाही.

मूळ शंकेसाठी ‘कोणत्याही पूर्णांकाला 4 ने भाग जात असेल, तर तो सम असतो’ हा नियम घ्या. तो खरा असेल तर प्रत्येक पूर्णांकाच्या बाबतीत खरा ठरला पाहिजे. 8 साठी दोन्ही अंगे खरी आहेत, 6 साठी पूर्वांग खोटे पण उत्तरांग खरे आहे, आणि 7 साठी दोन्ही खोटी आहेत. 6 किंवा 7 पाशी आपण ‘खोटे’ लिहिले, तर ज्या संख्यांनी नियम मोडलेलाच नाही त्यांच्यामुळे तो बाद होईल. तो मोडायला 4 ने भाग जाणारी विषम संख्याच हवी.

विद्यार्थिनी, दादर : त्या दोन्ही ओळींत ‘खोटे’ लिहिले, तर काय बिघडते?

निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले : मग ती ‘प आणि फ’ची सारणी होते. केवळ तिसरी ओळ, म्हणजे प खोटे पण फ खरे असलेली, खोटी केली, तर ‘प असेल तरच आणि तेव्हाच फ’ असा अर्थ होतो. केवळ चौथी, म्हणजे दोन्ही खोटी असलेली, खोटी केली, तर उरते नुसते फ, आणि प असून नसून सारखेच.

वाचक, बोरिवली : आमच्या सोसायटीच्या नोटिशीत ‘10 तारखेनंतर देखभाल शुल्क भरल्यास दंड लागेल’ असे लिहिले होते. मी ते 5 तारखेला भरले, तरी दंड लागला. नोटीस खोटीच ठरली ना?

निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले : तुमच्यावर अन्याय झाला असेल, परंतु ही सारणीतील तिसरी ओळ आहे. 10 तारखेपूर्वी पैसे भरणाऱ्यांविषयी ते वाक्य काहीच सांगत नाही.

अनुवादिका, अंधेरी : बोलताना मात्र ‘वेळेत भरल्यास दंड नाही’ हे त्यात गृहीतच असते. शिवाय ‘काल पाऊस पडला नसता, तर लोकल वेळेवर आली असती’ याचे काय? काल पाऊस पडला होता. मग सारणीप्रमाणे हे वाक्य खरे, आणि ‘पाऊस पडला नसता, तरी लोकल उशिराच आली असती’ हेही खरेच!

निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले : आक्षेप रास्त आहे. असल्या वाक्यांना ही सारणी लागू पडत नाही. प्राचीन ग्रीसमध्ये फिलोने सारणीसारखाच अर्थ मांडला, तेव्हा त्याचा गुरू डायोडोरस याने तो नाकारला, कारण एखादे विधान आज खरे आणि उद्या खोटे ठरणे त्याला मान्य नव्हते.

अनुवादिका, अंधेरी : मग मी डायोडोरसच्या बाजूची.