मदत हवी आहे : कंटेनर उतरवताना विश्रांती कशी बसवायची?

मंडळी, वेर्ण्याला आमचं पत्र्याचं गोदाम आहे. २५ किलोच्या गोण्यांचा ४० फुटी कंटेनर चार जण उतरवतात. दुपारी दोनला कंटेनरच्या आत डब्ल्यूबीजीटी, म्हणजे दमटपणा आणि धग धरून काढलेलं उष्णतेचं माप, ३० भरलं (ओला गोळा २९, काळा गोळा ३२.५). साधा तापमापक ३२ दाखवतो म्हणून मालकांना काही वाटत नाही, पण या दमटपणात घाम सुकतच नाही.

गेल्या आठवड्यात एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो पाणी भरपूर पीत होता, पण मीठ नव्हतं. आता कंटेनरच्या दाराशीच माठ ठेवलाय, दर २० मिनिटांनी एक पेला, आणि दहा वाजता मिठाची पेज. दारात पंखा लावला, पण आतल्या टोकाला वारा पोचत नाही. तळाच्या गोण्या दोघांनी उचलायच्या ठरवल्या; कंटेनरात जागा अपुरी पडते.

जड कामाला ३० अंशांवर तासात पंधरा मिनिटंच काम, असं डब्ल्यूबीजीटीचा काम-विश्रांतीचा तक्ता सांगतो. कंटेनर सहापर्यंत रिकामा करायचाच असतो, माणसं वाढणार नाहीत. सकाळी सातला सुरू करता येईल. गाडी मात्र नऊच्या आधी क्वचितच येते.

दोन आत, दोन सावलीत अशी पाळी कुणी चालवली आहे का? किती मिनिटांची? की घडीचा रोलर कन्व्हेयर आत नेऊन काम जडवरून मध्यमवर आणणं जास्त उपयोगी?