शब्दचर्चा : ‘घनमूळ काढा’ की ‘घनमुळे काढा’?

शब्दवेडी
गणिताच्या एका पुस्तकाचं मराठी तपासते आहे. त्यात वाक्य आहे : “२ + ११i चे घनमूळ काढा व ते संमिश्र प्रतलावर दाखवा.” उत्तरात मात्र तीन बिंदू दिलेत. मग ‘घनमूळ’ हे एकवचन चुकलंय का? की मराठीत ‘घनमूळ काढणे’ हा क्रियेचा प्रयोग समजायचा, ‘हिशोब करणे’सारखा? शिवाय पुढे ‘कोनांक’ असा शब्द येतो. तो रुळलेला आहे का?

अक्षरशः
व्याकरणाचं आधी सांगतो. एकवचन घनमूळ, अनेकवचन घनमुळे, सामान्यरूप घनमुळाचा. ‘मू’ दीर्घ फक्त एकवचनातच, त्यामुळे ‘घनमूळे’ लिहिलं असेल तर दुरुस्त करा.
पण अर्थाच्या बाजूने एकवचनच बरोबर वाटतं. वर्गमुळे दोन असतात, ९ ची ३ आणि −३. घनमूळ एकच असतं. २७ चं ३, −८ चं −२. ऋण संख्येलाही एकच मिळतं, हाच तर घनमुळाचा गुण.

पायवाट
मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून विभाजक नाही ती. २ + ११i मूळ आहे का, असा प्रश्न आहे ना? मला वाटतं तिचे अवयव पडतात.

त्रिज्या
पायवाट, ‘मूळ संख्या’तलं मूळ वेगळं आणि ‘घनमुळा’तलं वेगळं. इथे प्रश्न असा आहे, की कोणती संख्या तीनदा गुणली की २ + ११i मिळते. पण अवयव पडतात हे तुम्ही बरोबर ओळखलंत. i चा वर्ग −१, म्हणून (२ + i) चा वर्ग ३ + ४i. त्याला पुन्हा २ + i ने गुणलं की ६ + ३i + ८i − ४, म्हणजे २ + ११i. आणि ज्यांचे दोन्ही भाग पूर्णांक आहेत अशा संमिश्र संख्यांच्या जगात २ + i खरोखरच मूळ आहे, तिचे आणखी तुकडे होत नाहीत. तुमचा शब्द चुकीच्या दाराने आला, पण योग्य घरात आला.

अक्षरशः, तुमचं म्हणणं वास्तव संख्यांपुरतं खरं आहे. संमिश्र संख्यांत शून्य सोडून प्रत्येक संख्येला तीन घनमुळे असतात, २७ लासुद्धा. ३ हे त्यांतलं एक. उरलेली दोन वास्तव रेषेवर नाहीत, म्हणून शाळेत दिसली नाहीत एवढंच.

आता कोनांक. आरंभबिंदूपासून संख्येच्या बिंदूपर्यंत रेघ ओढली, की ती धन वास्तव अक्षाशी जो कोन करते तो कोनांक. त्या रेघेची लांबी म्हणजे मापांक. दोन्ही शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलेले आहेत, बिनधास्त ठेवा. ‘अर्ग्युमेंट’साठी एका हस्तलिखितात मी ‘युक्तिवाद’ वाचलं आहे, तेवढं टाळा.

दोन संमिश्र संख्या गुणल्या, की मापांक गुणले जातात आणि कोनांक बेरजेत जातात. म्हणून घन करताना कोनांक तिप्पट होतो आणि उलट जाताना तो तिनाने भागायचा. २ + ११i चा मापांक √१२५, त्याचं घनमूळ √५. कोनांक सुमारे ७९.७°, त्याचा तिसरा हिस्सा सुमारे २६.६°. तिथेच २ + i बसते.

तीन येतात ती अशी : ७९.७° वर थांबलेली रेघ आणि एक पूर्ण फेरा मारून तिथेच थांबलेली रेघ यांत फरक दिसत नाही. पण तिनाने भागल्यावर तो पूर्ण फेरा १२०° चा होतो आणि मग फरक दिसतो. दोन फेरे २४०° चे होतात. तीन फेरे मारले तर पुन्हा पहिल्याच जागी येतो, म्हणून चौथं घनमूळ नाही.

शब्दवेडी
आलेख कागद घेऊन बसले. ७९.७ मध्ये १२० मिळवून तिनाने भागलं, ६६.६° आलं. पुन्हा १२० मिळवून भागलं, १०६.६° आलं. तिन्ही बिंदू वरच्या बाजूला दाटीवाटीने बसलेत. पुस्तकातल्या आकृतीत ते तीन दिशांना आहेत.

त्रिज्या
१२० भागाकाराच्या आधी मिळवलेत, म्हणून त्याचे ४० झाले. भागायच्या आधी मिळवायचं तर ३६०, भागल्यानंतर मिळवायचं तर १२०. खरे कोन २६.६°, १४६.६° आणि २६६.६°.

खरं तर कोनमापक बाजूला ठेवा. (२, १) हा बिंदू मांडा. कंपासचं टोक आरंभबिंदूवर, पेन्सिल त्या बिंदूवर ठेवून वर्तुळ काढा. √५ मोजायची गरजच नाही. आता कंपास तेवढाच उघडा ठेवून टोक (२, १) वर ठेवा आणि वर्तुळावर खूण करा. त्या खुणेवरून पुढची, असं करत सहा पावलांत परत सुरुवातीला याल. एक सोडून एक खूण घ्या. त्या तीन खुणा म्हणजे तीन घनमुळे.

शब्दवेडी
आली! दुसरी डावीकडे वर, साधारण −१.८७ आणि १.२३ वर. तिसरी खाली, उभ्या अक्षाच्या किंचित डावीकडे, −०.१३ आणि −२.२३ वर. आकृतीशी जुळतं. बरोबर आलं हे आकृती नसती तर कसं कळलं असतं?

त्रिज्या
तिघांची बेरीज करा. वास्तव भाग २ − १.८७ − ०.१३, शून्य. काल्पनिक भाग १ + १.२३ − २.२३, तोही शून्य. समभुज त्रिकोणाचा मध्य आरंभबिंदूवर असतो, म्हणून बेरीज शून्यच यायला हवी. तुमचे आधीचे तीन बिंदू या चाचणीत लगेच पडले असते, तिघांचेही काल्पनिक भाग धन होते.

पण या चाचणीवर पूर्ण विसंबू नका. समजा संख्या −२ − ११i असती. गणकयंत्राला ११ भागिले २ देऊन कोन मागितला तर ते ७९.७°च सांगतं, कारण दोन ऋण चिन्हं भागाकारात नाहीशी होतात. प्रत्यक्षात बिंदू तिसऱ्या चरणात आहे आणि कोनांक २५९.७° आहे. चुकीच्या कोनाने त्रिकोण काढला तरी बेरीज शून्यच येते, त्रिकोण मात्र ६०° ने फिरलेला असतो. ती चूक एकाच रीतीने पकडता येते : एका बिंदूचा घन करून बघायचा. आणि तुमच्या कागदावर ज्या तीन खुणा तुम्ही सोडून दिल्यात, त्या नेमक्या −२ − ११i च्या घनमुळांच्या आहेत.

कळफलक
माझा अनुभव सांगतो, कारण मी यात एक अख्खी दुपार घालवली होती. एका कामात ऋण संख्यांची घनमुळे लागत होती. आकडे विचित्र येऊ लागले. शोधत गेलो तर पायथनमध्ये हे निघालं :

```
>>> (-8) ** (1/3)
(1.0000000000000002+1.7320508075688772j)
```

मला −२ हवं होतं. म्हणजे अक्षरशः म्हणतात ते ‘एकच घनमूळ’ यंत्रालाही मान्य आहे, फक्त ते भलतंच एक निवडतं. शेवटी `math.cbrt(-8)` वापरलं, ते −२ देतं.

त्रिज्या
भलतं नाही. −८ चा कोनांक १८०°, त्याचा तिसरा हिस्सा ६०°. मापांक २. त्या जागी १ + √३i आहे, ते छापलं गेलं. शेवटच्या काही अंकांतली खोट गणनेच्या अचूकतेची. −२ हे १८०° वर आहे, आणि तिसरं ३००° वर. कोनांक −१८०° ते १८०° मध्ये घ्यायचा आणि तो तिनाने भागायचा, या नियमाने जे मिळतं त्याला ‘मुख्य घनमूळ’ म्हणतात. धन संख्येला तेच आपलं ओळखीचं घनमूळ असतं. ऋण संख्येला नसतं. ‘घनमूळ’ एकवचनात लिहिलं की वाचकाला यांपैकी कोणतं कळावं, हा शब्दवेडींच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

अक्षरशः
मान्य, मी वास्तव रेषेवरच उभा होतो. मग एक विचारतो. −८ ची उरलेली दोन १ + √३i आणि १ − √३i, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. एक काढलं की दुसऱ्यात फक्त चिन्ह बदलायचं, असा सोपा नियम नाही का?

त्रिज्या
मूळ संख्या वास्तव असेल तरच. २ + ११i साठी बघा : २ + i चं प्रतिबिंब २ − i, आणि त्याचा घन २ − ११i येतो. तो दुसऱ्याच संख्येचा झाला. (‘मूळ संख्या’ मी आता ‘सुरुवातीची संख्या’ या अर्थाने लिहिली. हा शब्द खरंच तिहेरी काम करतो.)

पायवाट
म्हणजे माझा गोंधळ अगदीच निराधार नव्हता! पण २ + ११i हीच संख्या का? मी २ + १०i घेऊन बघितली, काही सुबक येत नाही.

त्रिज्या
येणारच नाही. २ + ११i ला इतिहास आहे. x³ = १५x + ४ या समीकरणाला कार्दानोचं १५४५ सालचं सूत्र लावलं, की २ + ११i आणि २ − ११i यांची घनमुळे लागतात. बॉम्बेलीने १५७२ मध्ये दाखवलं की ती २ + i आणि २ − i आहेत, त्यांची बेरीज ४, आणि ४ हे खरोखर उत्तर आहे. शब्दवेडींच्या कागदावर बाकीची दोन उत्तरंही आहेत : प्रत्येक बिंदूच्या वास्तव भागाची दुप्पट करा. −१.८६६ चे −३.७३ आणि −०.१३४ चे −०.२७. समीकरणाची तिन्ही मुळे आली.

२ + १०i साठी कोनाचे तीन समान भाग करावेच लागतात. a + bi चा घन मांडून a, b शोधायला गेलात तर पुन्हा घन समीकरणच हाती येतं. आणि प्रत्येक कोन फक्त पट्टी-कंपासने त्रिभागता येतोच असं नाही, हे १८३७ मध्ये वान्त्झेलने सिद्ध केलं. म्हणून पहिलं घनमूळ कोनमापकाने किंवा गणकयंत्राने मिळवायचं. ते एकदा मांडलं की उरलेली दोन कंपास देतो.

शब्दवेडी
मग वाक्य असं करते : “२ + ११i ची सर्व घनमुळे काढा व ती संमिश्र प्रतलावर दाखवा.”

अक्षरशः
‘घनमुळे’ म्हटल्यावर ‘सर्व’ कशाला? अनेकवचनात ते आलंच.

त्रिज्या
मी ‘सर्व’ ठेवीन. अनेकवचन वाचूनही विद्यार्थी दोनावर थांबतात.

शब्दवेडी
ठेवते. पण पुढच्याच पानावर ∛(−८) = −२ असं छापलंय, आणि प्रकरण संमिश्र संख्यांचं आहे.

कळफलक
माझ्या मते ते बरोबर. ∛ हे चिन्ह वास्तव घनमुळासाठी राखून ठेवावं.

त्रिज्या
माझ्या मते त्या प्रकरणात ते चिन्ह वापरूच नये, z³ = −८ असं समीकरण लिहावं. पण दोन्ही रीतींची पुस्तकं आहेत. लेखकांनी प्रकरणाच्या सुरुवातीला काही ठरवून दिलंय का, ते आधी बघा.