निळी टिक नाही म्हणजे म्यूटच?

«व्हॉट्सॲपवर निळी टिक येत नाही म्हणजे ग्रुप म्यूट करून ठेवलाय.»

तसं नसते जी. ग्रुपात सगळ्यांनी वाचल्याशिवाय टिक निळी होत नाही. एकाचा फोन बंद असला तर दुसरी टिकही येत नाही. आपला मेसेज दाबून धरा, वरच्या i वर जा. Read by खाली वाचणारे, Delivered to खाली ज्यांना नुसता पोचला ते दिसतात. आमच्या आत्याने तेरवीचा निरोप टाकला अन् मामा बोलले नाहीत म्हणून दोन दिवस फुगून होती. पाहिलं तर मामांचं नाव दोन्हीकडे नव्हतं. रातच्या लाइनीवर तुरीला पाणी द्यायला वावरात, फोन बंद. तेरवीसारखं असलं तर सरळ फोनच करावा, नाही लागला तर शेजाऱ्याला.