अनुभव धागा : कीवर्डांनी ठासलेले शीर्षक की सुटसुटीत शीर्षक?

शिवणदोरा

काल जुनी वही चाळताना तिच्या शेवटच्या पानावर मामेभाऊ आणि मी मांडलेला हिशेब सापडला आणि आमचे ते भांडण आठवले. आम्ही दोघे हाताने शिवलेल्या वह्या ऑनलाइन विकत होतो. दादाने लिहिलेले शीर्षक असे होते : "वही डायरी नोटबुक जर्नल स्केचबुक हँडमेड वही भेटवस्तू वाढदिवस मुलांसाठी मुलींसाठी ऑफिस कॉलेज कोरी डायरी". मला ते वाचताना धाप लागत असे. माझे शीर्षक होते : "हाताने शिवलेली वही, कोरी १६० पाने, ए५ आकार". दादाचे म्हणणे असे, की गिऱ्हाईक कोणता शब्द टाइप करील ते आपल्याला ठाऊक नसते, म्हणून सगळेच शब्द घालावेत. मी म्हणत होते, "दादा, शोधयंत्राला सापडेल, पण माणसाला कळेल का?"

वाद आठवडाभर चालला. शेवटी आम्ही आठ आठवडे मोजायचे ठरवले. दर दोन आठवड्यांनी सोमवारी शीर्षक बदलायचे, मात्र छायाचित्र, किंमत आणि वर्णन यांना हात लावायचा नाही. नवे शीर्षक शोधात रुजायला वेळ लागतो, म्हणून बदलानंतरचे पहिले दोन दिवस हिशेबात धरायचे नाहीत, अशी अटही दादानेच घातली.

दादाच्या शीर्षकावर वही शोधात ६,२०० वेळा दिसली, १२४ जणांनी ती उघडली आणि ५ ऑर्डरी आल्या. माझ्या शीर्षकावर ती ४,८०० वेळाच दिसली, पण १४४ जणांनी उघडली आणि ११ ऑर्डरी आल्या. शिवाय दादाच्या पाचांपैकी दोन वह्या परत आल्या. एकाने कारण लिहिले होते, "कागद रंगांसाठी पातळ आहे." शीर्षकात 'स्केचबुक' हा शब्द आम्हीच घातला होता, त्यामुळे त्याला दोष देता येईना. दादाने हिशेब दोनदा पाहिला आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली.

तुमच्याकडे असा काही वाद झाला असेल, तर तो कसा मिटला ते अवश्य लिहा.

उंबरठा

माझ्या कथासंग्रहाच्या वेळी अगदी हेच झाले. मला एका शब्दाचे शीर्षक हवे होते आणि संपादकांना सहा शब्दांचे. अखेर त्यांचेच झाले आणि आजही मुखपृष्ठ पाहिले की मला खटकते.

शिवणदोरा

उंबरठा, तुमची खंत समजते, पण इथे विक्रीच्या पानावरील शीर्षकाविषयी बोलणे चालले आहे. तरी विचारते, संग्रह ई-बुक म्हणूनही काढला होता का? तिथे उपशीर्षकात शब्द कोंबण्याचा मोह सर्वांनाच होतो.

उंबरठा

काढला होता. उपशीर्षकात "प्रेमकथा कौटुंबिक कथा रहस्यकथा" असे घातले होते आणि संग्रहात रहस्यकथा एकच होती. त्यावरून एका वाचकाने सुनावलेले अजून लक्षात आहे, त्यामुळे आपली दुखणी वेगळी आहेत असे आता वाटत नाही.

घाईतला

मुलाला क्लासला सोडून बाहेर थांबलो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मोबाइलवर शोधाच्या यादीत शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसतात आणि पुढचे कापले जाते. तेव्हा सुरुवात स्वच्छ ठेवावी आणि शेपटाला हवे तेवढे कीवर्ड जोडावेत, ते कोणी वाचत नाही. मी वर्षभर असेच करतो आहे.

तराजू

घाईतला, सुरुवातीविषयीचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, शेपटाविषयीचे मात्र अर्धेच. यादीत शेपूट कापले गेले, तरी वस्तूच्या पानावर पूर्ण शीर्षक दिसते आणि घ्यावे की नाही हे गिऱ्हाईक तिथेच ठरवते. शिवाय बाजारपेठांचे नियम सारखे नाहीत. ईबेवर शीर्षकाला ८० अक्षरांचीच मर्यादा आहे, तर एट्सीवर ती १४० आहे आणि त्याखेरीज १३ टॅग वेगळे देता येतात, त्यामुळे 'जर्नल', 'नोटबुक' यांसारखे समानार्थी शब्द तिथे ठेवता येतात. ॲमेझॉनने तर २०२५ च्या जानेवारीपासून एकच शब्द शीर्षकात दोनपेक्षा अधिक वेळा वापरायला मनाई केली आहे. दादांच्या शीर्षकात 'वही' आणि 'डायरी' दोन-दोनदाच आहेत, म्हणजे ते काठावर वाचले असते.

पण शिवणदोरा, तुमच्या निकालाविषयी माझी एक शंका आहे. ५ विरुद्ध ११ हा फरक मोठा दिसतो, तथापि एकूण ऑर्डरी १६ च आहेत. नाणे १६ वेळा उडवले, तर ११–५ किंवा त्याहून एकतर्फी निकाल पाचांतून सुमारे एकदा निव्वळ योगायोगानेही लागतो. तेव्हा केवळ ऑर्डरींवरून दादांना हरवणे घाईचे झाले. याउलट क्लिकांचा फरक पक्का आहे, कारण शंभरांतून २ आणि शंभरांतून ३ हे प्रमाण हजारो वेळा दिसल्यानंतर निघालेले आहे आणि तेवढा फरक सहसा योगायोगाने पडत नाही. कोणत्या शोधशब्दावरून कोण आले, ही यादी तुम्ही पाहिली होती का?

पानापान

तराजू, नाण्याचे उदाहरण वाचून मी माझा गेल्या महिन्याचा विजय गुपचूप मागे घेतला. माझ्याकडे एकूण ७ ऑर्डरी होत्या.

खटपट्या

माझा अनुभव उलटा आहे. मी मिक्सरचे सुटे भाग विकतो. बहिणीने हौसेने शीर्षक सुंदर केले, "मिक्सरच्या भांड्यासाठी टिकाऊ रबरी रिंग", आणि त्यात पूर्वी असलेले चार मॉडेल क्रमांक काढून टाकले. पंधरवड्यात ऑर्डरी जवळजवळ थांबल्या, कारण रिंग शोधणारा माणूस भांड्याच्या बुडाशी छापलेला क्रमांक पाहून तोच टाइप करतो. क्रमांक परत घातले आणि विक्री पूर्ववत झाली. माझे शीर्षक वाचायला कुरूप आहे, पण त्यातला एकही शब्द खोटा नाही.

घाईतला

म्हणजे शेपूट उपयोगी असते, हे सिद्ध झाले!

तराजू

खटपट्यांच्या क्रमांकांवरून येणाऱ्याला नेमकी तीच वस्तू हवी असते, तर 'वाढदिवस' टाइप करणाऱ्याला फुगेही हवे असू शकतात. तुमच्या शेपटात काय आहे, त्यावर ते अवलंबून आहे.

शिवणदोरा

तराजू, यादी आम्ही पाहिली, पण निकाल लावून झाल्यावर. दादाच्या शीर्षकावर दिसण्याच्या बऱ्याचशा वेळा 'स्केचबुक', 'मुलांसाठी भेटवस्तू' अशा शोधांतून आलेल्या होत्या आणि तिथून आलेली जी एक ऑर्डर होती, ती परत आली. आकडे फुगले होते ते तिथेच. मी विजयी मुद्रेने यादी खाली सरकवत होते, तेवढ्यात दादाने बोट ठेवले. त्याच्या टिकलेल्या तीन ऑर्डरींपैकी दोन 'डायरी' या शोधातून आल्या होत्या आणि माझ्या शीर्षकात तो शब्दच नव्हता.

मी म्हणाले, की तारखा छापलेल्या नसतील तर तिला डायरी म्हणत नाहीत. तो म्हणाला, "ते तू म्हणत नाहीस. घेणारे म्हणतात." पुढे शीर्षक झाले : "हाताने शिवलेली डायरी, कोरी १६० पाने, ए५ आकार". एवढा एक शब्द बदलला आणि तो वाद आपण जिंकला, असे तो अजून सर्वांना सांगत असतो. नव्या शीर्षकाची मोजणी मात्र आम्ही केली नाही, कारण त्याच सुमारास छायाचित्रही बदलले होते.

तराजू

मग ते कोणामुळे वाढले, हे आता सांगता येणार नाही.

शिवणदोरा

वाढले असे मी कुठे म्हटले?