मदत हवी आहे: किमान ऑर्डर आणि घरपोच शुल्काचा निरोप चिकूपणाचा वाटू नये, असा कसा लिहावा?

जुळेसोलापूरकर_सूनबाई

नमस्कार. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही दोघी मिळून जुळे सोलापुरातील घरातूनच कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे विकतो. आजवर आम्ही कितीही लहान ऑर्डर असली तरी घरपोच देत आलो आणि त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. शेजारचा एक कॉलेजात जाणारा मुलगा आपल्या स्कूटरवर माल पोहोचवतो आणि प्रत्येक घरामागे आम्ही त्याला २५ रुपये देतो. एक भाकरी १० रुपयांना आणि पाव किलो चटणी १०० रुपयांना आहे. पीठ, दाणे, गॅस आणि पिशव्या यांचा खर्च वजा जाता साधारण चौथा हिस्सा आमच्या हाती उरतो, म्हणजे सहा भाकऱ्यांच्या ऑर्डरीत १५ रुपये उरतात आणि २५ रुपये पोहोचवण्यात जातात.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे की १५० रुपयांच्या खालची ऑर्डर घरपोच द्यायची नाही, १५० ते ३०० च्या दरम्यान २० रुपये घ्यायचे आणि ३०० पासून पुढे काही घ्यायचे नाही. पुतण्याने लिहून दिलेला निरोप असा आहे:

> सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, वाढती महागाई व पेट्रोलचे दर यांमुळे छोट्या ऑर्डर पोहोचवणे परवडत नसल्याने नाइलाजास्तव १ तारखेपासून किमान ऑर्डर रु. १५० राहील व डिलिव्हरी चार्ज रु. २० आकारण्यात येईल. ३०० च्या वर फ्री. यापुढे दोन-चार भाकऱ्यांसाठी फोन करू नये. कृपया सहकार्य करावे.

सर्वांना पाठवण्याआधी मी तो ओळखीच्या तीन गिऱ्हाइकांना दाखवला. त्यांपैकी एका काकूंनी लगेच विचारले, “म्हणजे आता आमच्या सहा भाकऱ्या तुम्हाला जड झाल्या का?” रक्कम आम्हाला बदलायची नाही, पण शब्द बदलायचे आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

चादरपेठ

आम्ही चादरी आणि टॉवेल बाहेरगावी पाठवतो. दराच्या खाली “पार्सल खर्च वेगळा” एवढे तीन शब्द लिहितो आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. तुम्हीही तेवढेच लिहा, एवढा विचार कशाला?

जुळेसोलापूरकर_सूनबाई

काका, आपले गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे असल्याने पार्सलला पैसे पडतात हे ते आधीच धरून चालते. आमचे गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडचे आहे आणि आजवर त्याला हीच सेवा फुकट मिळाली आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही काढून घेतलेली गोष्ट ठरते.

रोकडवही

विजापूर रोडला माझे किराणा दुकान आहे आणि घरपोच सेवेचा असाच बदल मी दोनदा केला आहे. पहिल्या वेळी निरोप चुकला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काकूंना २० रुपये लागले नाहीत, “परवडत नसल्याने” हा शब्द लागला. त्या वाक्यात तोट्याचे कारण म्हणून त्यांची सहा भाकऱ्यांची ऑर्डर पुढे केली आहे, आणि “फोन करू नये” म्हटल्यावर दार लावून घेतल्यासारखे होते. “नाइलाजास्तव” आणि “सहकार्य करावे” ही सरकारी परिपत्रकाची भाषा आहे, ती घरगुती भाकरीच्या पिशवीवर शोभत नाही. पेट्रोलचे कारण तर मुळीच देऊ नका, कारण भाव उतरला की तेच गिऱ्हाईक विचारील, “आता वीसचे दहा करा.” माझ्याकडे तसे झाले आहे. कारण एकच द्यावे आणि ते कायम टिकणारे असावे: पोहोचवणाऱ्या मुलाला प्रत्येक फेरीचे पैसे द्यावे लागतात.

याहून मोठी अडचण अशी की तुमचा निरोप संदिग्ध आहे. १२० रुपयांची ऑर्डर देणाऱ्याला काय समजेल? माल मिळणार नाही, की २० रुपये जादा दिले तर मिळेल? १५० च्या आत मालच पोहोचवायचा नाही, ही एक मर्यादा आहे. ३०० पासून शुल्क नाही, ही दुसरी. पुतण्याने दोन्ही एका वाक्यात कोंबल्या आहेत, म्हणून वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ काढील आणि दारात पिशवी घेताना त्या मुलाशी वाद घालील. “किमान ऑर्डर” हा शब्दच काढून टाका आणि किती रुपयांच्या मालावर काय होईल, ते तीन ओळींत सांगा.

आता तुमच्या मालाकडे पाहा. कडक भाकरी टिकते आणि शेंगाचटणीही टिकते. सहा भाकऱ्या आठवड्यातून दोनदा मागवणारे घर एकाच वेळी बारा भाकऱ्या आणि पाव किलो चटणी सहज घेऊ शकते, म्हणजे २२० रुपये झाले. अगदी सहा भाकऱ्यांवर एक चटणी घेतली तरी १६० होतात आणि १५० ची मर्यादा ओलांडली जाते. हा मार्ग निरोपात दाखवला की वाचणाऱ्याला अडवल्यासारखे वाटत नाही. धपाट्यांना मात्र हे लागू होणार नाही, कारण ते त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी खायचे असतात.

हिशेबी

एवढे करण्यापेक्षा भाकरीला एक रुपया वाढवा आणि “घरपोच मोफत” तसेच ठेवा. भाववाढीला कोणी चिकूपणा म्हणत नाही, वेगळ्या शुल्काला म्हणतात.

रोकडवही

तुमच्या म्हणण्यातले अर्धे मला मान्य आहे, भाववाढीची चर्चा खरोखरच लवकर विरते. पण हिशेब जुळत नाही. सहा भाकऱ्यांवर सहा रुपये वाढतील, तेव्हा आधीचे १५ धरून हाती २१ येतील आणि मुलाला २५ द्यायचेच राहतील. उलट जो माणूस स्वतः येऊन चाळीस भाकऱ्या घेऊन जातो, त्याला न घेतलेल्या सेवेचे ४० रुपये पडतील. लहान आणि मोठ्या ऑर्डरींत इतका फरक असेल, तर शुल्क वेगळे असलेलेच बरे.

सातरस्ता_रहिवासी

जेवण मागवायच्या अ‍ॅपवर तर कसकसली शुल्के लावतात! परवा १८० रुपयांच्या बिर्याणीचे शेवटी अडीचशेच्या वर बिल झाले. याची तक्रार कुठे करता येते, कोणाला माहीत आहे का?

रोकडवही

तो प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. पण आपला संताप इथे उपयोगी आहे. आपल्याला रकमेपेक्षा ती शेवटी कळल्याचा राग आला आहे. ताई, म्हणून फोनवर ऑर्डर घेतानाच “एकूण १६० आणि पोहोचवण्याचे २०, असे १८०” हे बोलून टाका. दारात आकडा पहिल्यांदा ऐकू येता कामा नये.

निवृत्त_शिक्षिका

मी सात रस्ता भागात राहते आणि अशाच एका घरून भाकरी घेते, तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. आमच्या घरी दोनच माणसे आहेत. एका वेळी १५० चा माल आम्हाला लागत नाही आणि चटणी दर आठवड्याला घेऊन करायचे काय? पण आमच्या इमारतीत आणखी तिघी घेणाऱ्या आहेत. आम्ही चौघींनी एकत्र मागवले तर चालेल, असे कोणी आम्हाला लिहिले असते, तर ते मला सोय केल्यासारखे वाटले असते.

जुळेसोलापूरकर_सूनबाई

बाई, हे आम्हाला सुचलेच नव्हते. एकाच इमारतीत दिवसाला तीन वेगवेगळ्या फेऱ्या होतात, असे आज वही काढून पाहिल्यावर दिसले.

रोकडवही

अवश्य करा, पण तीन गोष्टी आधीच ठरवा: फोन एकीनेच करायचा, माल एकाच दारात द्यायचा आणि पैसेही एकीनेच द्यायचे. नाहीतर तो मुलगा चार मजले चढून चौघींकडून सुटे पैसे गोळा करत बसेल आणि वाचलेला वेळ जिन्यातच जाईल.

पूर्वभाग

पाठवण्याबद्दल एक सूचना. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो आणि एका यादीत २५६ च नावे बसतात. फोन करून मागवणाऱ्या कित्येक आजी-आजोबांनी नंबर जतन केलेलाच नसतो. त्यांच्यासाठी पिशवीत छापील चिठ्ठी आठवडाभर आधीपासून घाला. आमच्या पूर्व भागात गिऱ्हाईक असेल, तर तेलुगूत एक छोटा ध्वनिसंदेश करून पाठवा, तो मराठी मजकुरापेक्षा जास्त ऐकला जाईल.

जुळेसोलापूरकर_सूनबाई

सर्वांचे आभार. जाऊबाईंसोबत बसून नवा निरोप लिहिला आहे:

> नमस्कार. १ तारखेपासून घरपोच सेवेत थोडा बदल होत आहे.
> ३०० रुपये किंवा अधिक: पूर्वीप्रमाणेच, वेगळे पैसे नाहीत.
> १५० ते २९९ रुपये: पोहोचवण्याचे २० रुपये.
> १५० रुपयांच्या आत: माल घरून घेऊन जाता येईल, सकाळी ९ ते दुपारी १.
> पोहोचवणाऱ्या मुलाला प्रत्येक फेरीचे पैसे द्यावे लागतात, त्यासाठी हा बदल आहे. भाकरी आणि चटणीचे दर तेच आहेत.
> कडक भाकरी आणि चटणी टिकतात, त्यामुळे आठवड्याचे एकदम मागवता येईल. एकाच इमारतीतील घरांनी मिळून ऑर्डर दिली तर ती एकच ऑर्डर धरू, माल एका घरी देऊ.
> ३१ तारखेपर्यंत सांगितलेल्या ऑर्डरी जुन्याच पद्धतीने येतील.

रोकडवही

चांगले झाले आहे. “थोडा बदल” मधला “थोडा” काढा. १५० च्या आतल्याला तो थोडा नाही, आणि त्या एका शब्दावर तो अडेल. ३०० ची ओळ वर ठेवलीत ते योग्य केलेत, कारण लांब निरोपाचा खालचा भाग फोनवर दडतो आणि बरेच जण तो उघडत नाहीत. मात्र त्याच कारणासाठी दरांचे वाक्य आणखी वर, पहिल्या ओळीला जोडून घ्या: “भाकरी आणि चटणीचे दर तेच आहेत, १ तारखेपासून घरपोच सेवेत मात्र बदल होत आहे.” आणखी एक गंमत पाहाल. २९० ची ऑर्डर असणारा माणूस २० रुपये देण्याऐवजी एक भाकरी वाढवून ३०० करील. ते बिनधास्त होऊ द्या, फेरी तीच आणि माल जास्त जातो.

जुळेसोलापूरकर_सूनबाई

“थोडा” काढला आणि दरांचे वाक्य वर घेतले. आता एकच गोष्ट उरली आहे. एक आजोबा एकटे राहतात, चालताना त्यांना काठी लागते आणि ते दर तिसऱ्या दिवशी चार भाकऱ्या घेतात. त्यांचा माल बंद करायला जाऊबाई तयार नाहीत. “ज्येष्ठांना सवलत” असे निरोपात लिहावे का?

रोकडवही

लिहू नका. लिहिलेली सवलत सगळ्यांची होते आणि मग कोण ज्येष्ठ, हे दारात ठरवत बसावे लागते. आजोबांना द्यायचे असेल तर गुपचूप देत राहा.

निवृत्त_शिक्षिका

मला हे पटत नाही. गुपचूप दिलेले शेजारी कळतेच आणि मग “त्यांना एक, आम्हाला एक” असे बोल तुम्हालाच ऐकावे लागतील. त्यापेक्षा “एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी आमच्याशी बोलावे” एवढेच वाक्य घाला. कोणाला काय द्यायचे ते तुमच्या हातात राहील.

हिशेबी

तुमचे वाक्य वाचून दहा जण बोलायला येतील, बाई.

जुळेसोलापूरकर_सूनबाई

यावर घरातही दोन मते आहेत. निरोप आम्ही रविवारी त्या वाक्याशिवाय पाठवत आहोत आणि चिठ्ठ्या उद्यापासून पिशवीत जातील. आजोबांच्या चार भाकऱ्या जाऊबाई संध्याकाळी देवळात जाताना स्वतः देऊन येणार आहेत, तेव्हा त्यात फेरीचे २५ रुपये धरायचे नाहीत, असे त्यांनी मला बजावले आहे.